ओझरची दुपार मोकळी ठेव

प्रिय सुमी,

तुझा तक्ता मिळाला. रंगीत चौकटी, प्रत्येक देवळापुढे पोचायची नि निघायची वेळ, कोणत्या हॉटेलात नाश्ता, सगळं लिहिलेलं. आईला वाचून दाखवला तेव्हा ती डोळे पुसत होती. किती वर्षं म्हणत होती गं अष्टविनायक करायचं, आणि कुणी मनावर घेतलं नाही. तू घेतलंस. नोकरी, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं पथ्यपाणी एवढं सगळं सांभाळून घेतलंस. हे आधी सांगते, कारण पुढे मी तुझ्याशी भांडणार आहे.

दोन दिवसांत आठ देवळं होतात, हे मला माहीत आहे. पुण्याहून सुटणाऱ्या यात्रेच्या बसगाड्या करतातच तशी. पण त्या गाडीत आपली आत्या नसते. बाबांचं इन्सुलिन नसतं. तुझ्या तक्त्यात पालीला तीस मिनिटं आहेत. पालीला आपण किती वेळा गेलोय, आठव. गाडी लागते तिथून देवळापर्यंत चालायचं, चपला सांभाळायला कुणालातरी बसवायचं, आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन, मग बल्लाळेश्वर, मग आईची प्रदक्षिणा, मग पाणी, मग बाथरूम, मग परत गाडीपर्यंत. दहा माणसं त्या टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरून पुन्हा आपापल्या जागी बसेपर्यंतच वीस मिनिटं जातात, कारण तिची पहिली पायरी उंच असते आणि मावशीला दोन्ही बाजूंनी धरावं लागतं. (एक छोटं प्लास्टिकचं स्टूल मी गाडीत टाकणार आहे. दरवाजाखाली ठेवलं की निम्मा त्रास वाचतो.) आडवारी गर्दी नसताना सुद्धा एका देवळाला सव्वा तास धर. आठ देवळं, म्हणजे दहा तास. तुझ्या हिशोबात ते चार धरलेत. उरलेले सहा तास कुणाच्या झोपेतून आणि कुणाच्या जेवणातून काढणार होतीस?

रस्त्याचंही तेच. फोन जी वेळ दाखवतो ती न थांबता जाणाऱ्या एकट्या मोटारीची असते. आपल्या गाडीला तिच्या सव्वापट वेळ लागतो, आणि दर दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटं थांबायचं ते वेगळं. फोनने दोन तास म्हटलं की तू पावणेतीन लिही.

आत्याबद्दल तुला एक सांगायचंय. तिला विचारलंस का? नाही ना? मी परवा वरसोलीला जाऊन बसले तिच्याजवळ. तिला सकाळी लघवी होण्याची गोळी असते, ब्लडप्रेशरसाठी. ती घेतल्यावर पुढचे तीन-चार तास तिला वरचेवर जावं लागतं. प्रवासात ती काय करते, माहीत आहे? पाणीच पीत नाही. गाडी थांबवा म्हणायची लाज वाटते म्हणून आदल्या रात्रीपासून घोटभर पाण्यावर राहते. मागच्या वर्षी लग्नाहून आल्यावर तिला गरगरलं होतं, आपण ऊन लागलं म्हणालो. ते ऊन नव्हतं गं. आता तिने डॉक्टरांना विचारलंय, त्या चार दिवसांत गोळीची वेळ बदलता येते का ते. आपण आपल्या मनाने ती बंद करायची नाही. आणि गाडी थांबवा असं तिने म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही. थांबे आधीच ठरलेले असले, सगळ्यांनी उतरायचंच असं असलं, की कुणाला संकोच वाटत नाही. पाली ते खोपोली मध्ये बरी सोय मिळेलच असं नाही, म्हणून पालीतच सगळ्यांना जायला लावायचं, लागलेली असो नसो.

तर आता माझी मांडणी ऐक. रागावू नकोस, तुझ्याच तक्त्यावरून केली आहे.

मी आधी फक्त न हलणाऱ्या गोष्टी कागदावर लिहिल्या. मावशी-काकांची गाडी. ओझरची खोली. बाबांचं जेवण, जे दीडच्या पुढे गेलेलं चालणार नाही. आणि लेण्याद्रीची सकाळ. बाकी सगळं ह्या चारांच्या मधल्या जागेत बसवायचं.

लेण्याद्री का, तर आत्याला मी विचारलं की आठांतलं एखादं राहिलं तर कुठलं राहिलेलं चालणार नाही. ती म्हणाली, लेण्याद्री, आणि मी चढून जाणार. मोरगावपासून सुरू करून शास्त्रातल्या क्रमाने जायचं का, हेही विचारलं. म्हणाली, देव काय रागावणार आहे, जवळचं आधी करा. आईचंही तेच. म्हणजे तू ज्या क्रमासाठी सिद्धटेकवरून उलट घाट उतरून पालीला येणार होतीस, तो क्रम त्या दोघींपैकी कुणालाच नको आहे.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. उन्हं चढल्यावर तो दगड तापतो. तुझ्या तक्त्यात ते दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेतीनला आलंय, पाच देवळं करून थकल्यावर. आत्या चढली असती, तुला दाखवायला म्हणून चढली असती, आणि उतरताना गुडघ्यांनी दगा दिला असता. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्यांना जड जातं. मला ती तिथे सकाळी सातला पायथ्याशी हवी, पोटभर झोपून आणि हलकं खाऊन. म्हणजे आदली रात्र ओझरलाच काढली पाहिजे, तिथून अर्ध्या तासाचा रस्ता. आणि आदल्या दिवशी दमून रात्री नऊला ओझरला पोचणंही उपयोगाचं नाही. म्हणून ओझरला दुपारी बारापर्यंत पोचायचं आणि ती दुपार कशालाच द्यायची नाही.

ह्या दुपारीवरून तू माझ्याशी फोनवर वाद घातलास. म्हणालीस, ताई, अर्धा दिवस वाया. सुमी, तो अर्धा दिवस आपल्याला गुरुवारसाठी लागणार आहे. गुरुवारी मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव आहे. सगळ्यात लांबचा दिवस, दोनशेवर किलोमीटर. त्या दिवशी टायर बसला, कुणाला उलटी झाली, सिद्धटेकला मोठी रांग लागली, तर रांजणगावचं दर्शन शुक्रवारी सकाळी करायचं आणि ओझरला बाराऐवजी तीनला पोचायचं. लेण्याद्रीची सकाळ जागची हलत नाही. मोकळा वेळ सगळीकडे दहा-दहा मिनिटं वाटून टाकला तर पहिल्याच चहात संपतो. सहलीच्या शेवटी ठेवला तर त्याचा उपयोग व्हायच्या आत सगळं बिघडून गेलेलं असतं. जे चुकवायचं नाही त्याच्या अलीकडे तो एकगठ्ठा ठेवायचा. आणि काहीच बिघडलं नाही तर? तर आई आणि मावशी चार तास खोलीत पाय लांब करून बोलत बसतील. दोघी बहिणी शेवटच्या अशा कधी बसल्या, तुला आठवतं?

वार बघ आता. मंगळवार टाळला, चतुर्थी टाळली, शनिवारी सकाळी पुण्याच्या बाजूला घाट चढणं टाळलं. म्हणून बुधवारी निघू. मावशी-काका मंगळवारी संध्याकाळी मांडवीने माणगावला उतरतील, मी आणायला जाईन, रात्री आपल्याकडे झोपतील. तूही मंगळवारीच ये, दिवा–रोहा गाडीने. पहाटे डोंबिवलीहून निघून सातला रोह्यात उभी राहीन म्हणतेस, ते नको.

बुधवारी सकाळी धावीर महाराजांना नारळ द्यायचा आणि सातला निघायचं. पाच नाही, सात. पाचला निघायचं तर म्हाताऱ्या माणसांना तीनला उठावं लागतं, कारण त्यांची आंघोळ, पूजा, गोळ्या, पोट साफ होणं ह्याला दोन तास लागतात, आणि पोट साफ न होता निघालेलं माणूस दिवसभर अस्वस्थ असतं. भिसे खिंडीतून नागोठणे, वाकण, पाली. सव्वाआठपर्यंत पोचू. दर्शन करून तिथेच नाश्ता, पेणचे पोहे मी घरून दडपे करून आणते, बाबांना मोजून देता येतात. पावणेदहाला निघालो की सव्वाअकराच्या सुमाराला महडला वरदविनायक. साडेबाराला तिथून निघायचं आणि एक-सव्वाला खोपोलीत नाहीतर घाट चढून लोणावळ्यात जेवायचं. चिक्कीसाठी तू तिथे पाऊण तास ठेवला होतास. चिक्की परत येतानाही मिळते.

मग पुणे. मुक्कामाची जागा तू शिवाजीनगरात बघितली होतीस. ती बदल, सोलापूर रस्त्याच्या बाजूला हडपसरच्या पुढे घे. बुधवारी दुपारी शहर एकदा ओलांडायचंच आहे, ते ओलांडून झोपलो की गुरुवारी सकाळच्या गर्दीत अडकायला नको. चारपर्यंत खोलीवर, दीड तास आडवं व्हायचं, आणि साडेपाचला थेऊर, जवळच आहे. थेऊरपुढे मी कंसात लिहिलंय, ‘सुटलं तरी चालेल’. म्हणजे त्या संध्याकाळी सुटलं तरी चालेल, कारण गुरुवारी मोरगावला जायच्या आधी सकाळी करता येतं. पण जमलं तर संध्याकाळीच करू. थोरले माधवराव पेशवे तिथे गेले, १७७२ साली, आणि नदीकाठी रमाबाईंचं वृंदावन आहे. बाबा शाळेत शिकवत असताना तो धडा कसा शिकवायचे, तू तर त्यांच्या वर्गात होतीस. त्यांनी ती जागा अजून पाहिलेली नाही. त्यांना तिथे घाई नको.

गुरुवारी सातला निघून नऊ-साडेनऊला मोरगाव, साडेबाराच्या आसपास सिद्धटेक. जेवण तिथे किंवा वाटेत जे आधी येईल तिथे, पण दीडच्या आत. डब्यात बाबांसाठी भाकरी-भाजी वेगळी असू दे, हॉटेल उशीर करतं आणि इन्सुलिन घेऊन झालेलं असेल तर वाट बघता येत नाही. इन्सुलिन ताट समोर आल्यावरच टोचायचं, गाडीत नाही. हे तुझ्या नवऱ्याला सांग, बाबा त्याचं ऐकतात.

सिद्धटेक म्हटलं की तुला नाव आठवते का? शिरापूरकडून भीमा ओलांडायची होती, आजीने एका हाताने तुला आणि एका हाताने नावेची कड धरली होती आणि पलीकडे पोचेपर्यंत तिने डोळे उघडले नव्हते. आता पूल आहे, गाडी पलीकडे जाते. तेव्हा आजोबांनी नावेसाठी किती वेळ लागेल ते विचारून ठेवलं होतं, म्हणून आम्ही पोरं कंटाळलो नाही, एवढं मला आठवतं. ते कुठेही जायच्या आधी पोस्टकार्ड टाकून विचारायचे. तू फोन कर. प्रत्येक देवस्थानाला. दुपारी नैवेद्याला दर्शन किती वेळ थांबतं, पायऱ्या चुकवून ज्येष्ठांना आत जायची वाट आहे का, खुर्ची मिळते का. आणि ओझरच्या भक्तनिवासात तळमजल्याची खोली मिळेल का, कमोड आहे का. ह्या पाच प्रश्नांची उत्तरं फोटोंत दिसत नाहीत.

रांजणगावला साडेचार-पाचपर्यंत पोचलो तर त्याच दिवशी दर्शन, मुक्काम तिथेच. शुक्रवारी ओझर. शनिवारी लेण्याद्री.

लेण्याद्रीच्या पायथ्याशी डोली मिळते. आधी दर ठरवायचा. आणि डोली घ्यायची की नाही हे खालीच ठरवायचं, शंभर पायऱ्या चढून झाल्यावर डोली वर येत नाही. आई आणि मावशी डोलीने जातील, त्यांनी मान्य केलंय. आत्या चढेल. तिच्याबरोबर मी राहीन, तू नको, तुझं चालणं भरभर आहे आणि तुझ्या वेगाशी जुळवायला ती धापा टाकेल. हातात खाऊची पिशवी घ्यायची नाही, तिथली माकडं अंगावर येतात, आणि पायरीवर दचकलेलं माणूस पडतं. दहापर्यंत खाली, नाश्ता, साडेदहाला निघून वाटेत एकला जेवून पाचच्या सुमाराला रोहा.

आता मावशीचं तिकीट. हे वाचून मी खरंच चिडले होते. तू त्यांना शनिवारी रात्री पनवेलहून कोकणकन्येत बसवणार होतीस. फिरून दमलेली सत्तरीपुढची दोन माणसं पनवेलच्या फलाटावर मध्यरात्रीपर्यंत बसवायची? शिवाय बुकिंग करताना तारीख नीट बघितलीस का? ती गाडी मुंबईहून अकरानंतर सुटते, पनवेलला पोचते तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. म्हणजे पनवेलहून चढायचं तर तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. शनिवारचं काढलं तर ती गाडी शुक्रवारच्या मध्यरात्रीनंतरची, आणि तेव्हा मावशी ओझरला झोपलेली असेल. ह्या एका गोष्टीने कितीतरी माणसं फलाटावर हातात तिकीट घेऊन उभी राहिली आहेत. ते रद्द कर. शनिवारी रात्री सगळे आपल्याकडे झोपू, रविवारी सकाळची मांडवी माणगावहून, दुपारी रत्नागिरी. परतीचं आरक्षण आणि सहलीचा शेवटचा दिवस ह्यांच्यामध्ये एक रात्र हवीच. लोणावळ्याच्या घाटात दोन तास अडकलो तरी मग कुणाच्या छातीत धडधड होणार नाही.

आणि त्या दोघांचं तिकीट वेगळं काढ. सगळ्यांचं एकत्र काढलं की एका तिकिटावर सहा जण बसतात, सोपं जातं, कळतं मला. पण ज्येष्ठांसाठीचा जो खालच्या बर्थचा कोटा आहे तो एका तिकिटावर एकटं किंवा दोघंच असतील तरच धरतात, साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायका. तिसरं नाव त्याच तिकिटावर घातलंस की तो जातो, आणि काकांना वरचा बर्थ येतो. येतानाचं तिकीट तसंच काढ. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, त्यामुळे तारीख मांडून ठेव आणि त्याच सकाळी काढ. आपण कार्तिकानंतर जातोय, म्हणजे कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक संपलेलं असेल. तू ज्या वेळा उतरवल्यास त्या पावसाळ्यातल्या असतील तर पुन्हा तपास.

पैशाचं बोलते, कारण तू त्यावरून रडवेली झालीस. चार दिवस केले तर गाडी महाग पडते हे खरं. बहुतेक गाडीवाले दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरतात, पळो न पळो. आपला सगळा रस्ता सातशेच्या आतबाहेरचा. दोन दिवसांत केला तर जेवढी पळेल तेवढ्याचेच पैसे, चार दिवसांत बाराशेचे द्यावे लागतील, शिवाय ड्रायव्हरचा भत्ता आणि जास्तीच्या रात्री. म्हणजे जवळजवळ पाचशे न पळालेल्या किलोमीटरचे पैसे. ते मी देते. तू काही बोलू नकोस. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तू पंधरा दिवस रजा टाकून रोह्यात राहिलीस, तेव्हा मी हिशोब मांडला नव्हता, आता तूही मांडू नकोस. पण गाडीवाल्याला विचारून घे, रोह्यात शनिवारी संध्याकाळी सोडली तर दिवस चार धरतो की रात्रीमुळे पाच.

आणखी एक. ठरवल्याप्रमाणे जमेनासं झालंय हे कसं ओळखायचं, ते सांगते. घड्याळाकडे बघू नकोस, माणसांकडे बघ. गाडीतल्या गप्पा बंद झाल्या, काकांनी दुसऱ्यांदा ‘मी गाडीतच बसतो, तुम्ही जाऊन या’ म्हटलं, की समजायचं. पहिल्यांदा म्हटलं तर खरंच कंटाळा असतो. दुसऱ्यांदा म्हणजे पाय दुखतायत किंवा चक्कर येतेय आणि तुझा तक्ता बिघडू नये म्हणून ते सांगत नाहीयेत. तेव्हा पुढचं देऊळ सोडायचं आणि मुक्कामावर जायचं. कुठलं सोडायचं ते त्या वेळी ठरवायला बसलं की भांडणं होतात, म्हणून आत्ताच लिहून ठेवू. बुधवारी थेऊर. गुरुवारी रांजणगाव. शुक्रवार-शनिवारी काही नाही.

तुझ्या पोरांना मागच्या सीटा दे. चाकावर हिसके बसतात, त्यांना मजा वाटेल. आई दाराजवळ, बाबा ड्रायव्हरच्या मागे, आत्या मधल्या रांगेत खिडकीशी.

तक्ता नव्याने केलास की एका पानावर मोठ्या अक्षरात छापून आण, फोनवर नको. प्रत्येकाच्या हातात एक. काकांना फोनवरचं दिसत नाही आणि ते दर तासाला विचारणार, पुढे काय. कागद हातात असला की ते दुसऱ्यांना सांगत बसतील, त्यांना ते आवडतं.

ओझरला आजच फोन कर. तळमजला नसेल तर मला लगेच कळव, मग आपण रांजणगावचा मुक्काम आणि वार सगळंच पुन्हा बघू. आणि आत्याला तूही एकदा फोन कर, प्रवासाचं म्हणून नव्हे, सहज कर.

तुझी,
ताई
रोहा